मराठी वाक्यातील लिंग-वचनाच्या चुका कशा शोधाव्यात आणि दुरुस्ती कशी सुचवावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेखक, अनुवादक, मुद्रितशोधक आणि मराठी मजकूर तपासणारी संगणकीय प्रणाली तयार करणारे लोक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरे अशा लेखनाच्या चुका येथे घेतलेल्या नाहीत. एका शब्दाचे लिंग आणि वचन वाक्यातील दुसऱ्या शब्दाशी जुळते की नाही, एवढाच या उत्तरांचा विषय आहे.

शुद्धलेखन तपासणाऱ्या सुविधेला या चुका का सापडत नाहीत?

‘मी काल ती कादंबरी वाचला’ या वाक्यातील प्रत्येक शब्द सुटा घेतला तर शुद्ध आहे. ‘कादंबरी’ शब्दकोशात आहे आणि ‘वाचला’ हे ‘वाचणे’ या क्रियापदाचे रीतसर रूप आहे. शब्दांची यादी जवळ ठेवून एकेक शब्द ताडून पाहणाऱ्या सुविधेला येथे हरकत घेण्याजोगे काहीच दिसत नाही. चूक शब्दात नसून दोन शब्दांच्या नात्यात आहे. ‘कादंबरी’ स्त्रीलिंगी एकवचनी असल्यामुळे क्रियापद ‘वाचली’ असायला हवे. म्हणून तपासणी करणाऱ्याला, मग तो माणूस असो वा प्रणाली, प्रत्येक बदलणाऱ्या शब्दासाठी एक प्रश्न सोडवावा लागतो : हा शब्द कोणत्या नामाप्रमाणे बदलायला हवा? त्या नामाला या पानावर ‘आधाराचे नाम’ म्हटले आहे.

वाक्य हाती आल्यावर सुरुवात कोठून करावी?

क्रियापदापासून करावी आणि त्याचे आधाराचे नाम आधी ठरवावे. त्यासाठी एक नियम लक्षात ठेवला तर बहुतेक वाक्ये सुटतात : विभक्तीचा प्रत्यय लागलेले नाम क्रियापदाचे लिंग-वचन ठरवू शकत नाही. कर्त्याला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. कर्त्याला प्रत्यय असेल आणि कर्माला नसेल तर ते कर्माप्रमाणे चालते. दोघांनाही प्रत्यय असतील तर क्रियापद कोणाचेच ऐकत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणून शिकवतात तो हाच भाग आहे.

‘मुलगी आंबा खाते’ येथे ‘मुलगी’ बिनप्रत्ययाची आहे, म्हणून ‘खाते’. ‘मुलीने आंबा खाल्ला’ येथे ‘मुलीने’ बाजूला पडते, ‘आंबा’ पुढे येतो आणि खाणारी मुलगी असूनही क्रियापद पुल्लिंगी होते. ‘मुलीने चिंचा खाल्ल्या’, ‘मुलाने केळी खाल्ली’, ‘मुलांनी आंबा खाल्ला’ ही सर्व वाक्ये याच न्यायाने शुद्ध आहेत. ‘मुलीने भावाला हाक मारून बोलावले’ येथे ‘मुलीने’ आणि ‘भावाला’ हे दोन्ही शब्द प्रत्ययासह आहेत, म्हणून ‘बोलावले’.

हाच नियम ‘ला’ लागलेल्या अनुभवकर्त्यालाही लागू पडतो. ‘मला ही कादंबरी आवडली’, ‘मुलांना भूक लागली’, ‘आजोबांना चार नातवंडे आहेत’ या वाक्यांत क्रियापद अनुक्रमे कादंबरी, भूक आणि नातवंडे यांच्याप्रमाणे चालते. ‘मुलांना भूक लागले’ असे लिहिणाऱ्याने ‘मुलांना’ या अनेकवचनाकडे पाहून क्रियापद ठरवलेले असते. तेथे दुरुस्ती ‘लागली’ अशी सुचवावी आणि कारणात ‘भूक, स्त्रीलिंगी एकवचन’ असे लिहावे.

‘मी पत्र लिहिले’ यात ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही. मग क्रियापद ‘मी’प्रमाणे का चालत नाही?

या भाषेतला हा सर्वांत फसवा भाग आहे, आणि मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या पुष्कळ चुका येथेच होतात. ‘त्याने’, ‘तिने’, ‘त्यांनी’ यांत तृतीयेचा प्रत्यय डोळ्यांना दिसतो. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ या चार सर्वनामांचे तृतीयेचे रूप मात्र प्रथमेसारखेच राहते. ‘मी पत्र लिहितो’ यातील ‘मी’ प्रथमेतला आहे आणि ‘मी पत्र लिहिले’ यातील ‘मी’ तृतीयेतला आहे. त्यामुळे ही चार सर्वनामे दिसली, क्रियापद सकर्मक असले आणि काळ भूत असला, तर त्यांना अदृश्य ‘ने’ लागला आहे असे धरून पुढे जावे. तसे केले की ‘मी चिठ्ठी लिहिलो’ किंवा ‘आम्ही दोन घरे पाहिलो’ यांतील चूक लगेच दिसते. दुरुस्ती अनुक्रमे ‘लिहिली’ आणि ‘पाहिली’.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते. ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ यात ‘लिहिली’ हा भाग चिठ्ठीचे ऐकतो आणि शेवटचा ‘स’ ‘तू’चे ऐकतो. व्याकरणकार याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. तपासणीत या ‘स’ला चूक ठरवू नये आणि तो नसेल तरी चूक नोंदवू नये. केवळ ‘लिहिली’ हा भाग कर्माशी जुळतो का, ते पाहावे.

भूतकाळात सकर्मक क्रियापद असूनही ‘तो निरोप विसरला’ हे शुद्ध कसे?

काही मोजकी क्रियापदे कर्म घेतात, पण भूतकाळातही कर्तरीच राहतात. शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे ही त्यांतील नेहमी भेटणारी. ‘ती नवा धडा शिकली’, ‘मी त्याचे नाव विसरले’, ‘आजी नऊवारी नेसली’ ही वाक्ये शुद्ध आहेत. ‘तिने नवा धडा शिकली’ हे मात्र अशुद्ध आहे, कारण कर्त्याला ‘ने’ लावल्यानंतर क्रियापद कर्त्याप्रमाणे ठेवता येत नाही. ‘म्हणणे’ दोन्ही बाजूंना आहे. ‘ती म्हणाली’ हे कर्तरी, तर ‘तिने गाणे म्हटले’ हे कर्मणी.

नियम यांत्रिकपणे लावणाऱ्या प्रणालीसाठी या क्रियापदांची वेगळी यादी ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. ती नसेल तर ‘ती धडा शिकली’ या निर्दोष वाक्याला ‘शिकला’ अशी दुरुस्ती सुचवली जाते आणि लेखकाचा तपासणीवरचा विश्वास पहिल्या पानावरच उडतो.

‘आईने मुलाला निजवला’ हे चूक धरावे का?

येथे कर्माला ‘ला’ लागला आहे, तरीही क्रियापद त्या मुलाप्रमाणे पुल्लिंगी झाले आहे. बोलण्यात आणि जुन्या लेखनात ही रचना आढळते, आणि व्याकरणाच्या पुस्तकांत तिला कर्म-भाव संकर असे नावही आहे. आजच्या औपचारिक लेखनात ‘आईने मुलाला निजवले’ हीच रचना रूढ आहे. म्हणून अशा जागी ‘चूक’ असा शिक्का न मारता ‘औपचारिक लेखनात हे रूप’ अशी सूचना द्यावी. कथेतील पात्राच्या तोंडी वाक्य असेल तर तीही देऊ नये.

‘मदत केली’, ‘उद्घाटन करण्यात आले’ अशा जोडरचनांत काय पाहावे?

वृत्तपत्रे, अहवाल आणि निवेदने यांत पुष्कळ चुका या रचनांत सापडतात, म्हणून येथे जरा थांबून पाहणे योग्य आहे. ‘मदत करणे’, ‘विचार करणे’, ‘सुरुवात करणे’ यांत ‘मदत’, ‘विचार’, ‘सुरुवात’ ही नामेच क्रियापदाचे कर्म असतात. ‘संस्थेने पूरग्रस्तांना मदत केली’ येथे ‘पूरग्रस्तांना’ प्रत्ययासह आहे आणि ‘मदत’ बिनप्रत्ययाची, म्हणून ‘केली’. त्याच संस्थेने ‘विचार केला’ आणि ‘काम केले’ असे होईल.

याउलट ‘सुरू’, ‘प्रकाशित’, ‘स्थापन’ हे शब्द नामे नाहीत आणि त्यांना स्वतःचे लिंग नाही. त्यांच्याबरोबर क्रियापद मागच्या नामाकडे जाते. त्यामुळे ‘समिती स्थापन करण्यात आली’ हे समितीमुळे शुद्ध आहे, आणि ‘समितीची स्थापना करण्यात आली’ हे स्थापनेमुळे शुद्ध आहे. रूप एकच, पण आधार वेगळा. हा फरक ‘कादंबरी प्रकाशित करण्यात आली’ आणि ‘कादंबरीचे प्रकाशन करण्यात आले’ या जोडीत उघड दिसतो.

नेहमीची चूक अशी : ‘मंत्र्यांच्या हस्ते नव्या इमारतीचे उद्घाटन करण्यात आली.’ लेखकाच्या मनात इमारत ठसलेली असते, ती स्त्रीलिंगी आहे आणि क्रियापद तिच्याकडे ओढले जाते. पण ‘इमारतीचे’ हे षष्ठीत आहे. बिनप्रत्ययाचे नाम ‘उद्घाटन’ आहे आणि ते नपुंसकलिंगी आहे. दुरुस्ती ‘आले’. अशी ओढ वाक्य लांब असले की वाढते. आधाराचे नाम आणि क्रियापद यांच्यामध्ये दहा-बारा शब्द आले, की लिहिणाऱ्याच्या कानात शेवटचे जवळचे नाम घुमत असते. म्हणून लांब वाक्य तपासताना मधले शब्द झाकून केवळ आधाराचे नाम आणि क्रियापद एकत्र वाचून पाहावे.

विशेषण आणि ‘चा-ची-चे’ यांची तपासणी वेगळी करावी लागते का?

होय, कारण त्यांचा आधार क्रियापदाच्या आधारापेक्षा वेगळा असू शकतो. आकारान्त विशेषण आणि षष्ठीचा ‘चा’ हे दोन्ही आपल्या पुढच्या नामाप्रमाणे बदलतात. ‘मोठा वाडा, मोठे वाडे’, ‘मोठी खिडकी, मोठ्या खिडक्या’, ‘मोठे घर, मोठी घरे’ अशी ही रूपे होतात. ‘सुंदर’, ‘हुशार’, ‘लाल’ यांसारखी विशेषणे बदलत नाहीत, त्यामुळे ती तपासणीतून वगळता येतात. ‘जादा’ हा शब्द आकारान्त दिसतो पण बदलत नाही. ‘जादा फी’ शुद्ध आहे आणि त्याचे ‘जादी फी’ करू नये.

षष्ठीत नेहमी होणारी गल्लत ही, की मालकाचे लिंग पाहून प्रत्यय लावला जातो. ‘सुनीताची भाऊ’ असे लिहिणाऱ्याने सुनीताकडे पाहिले. प्रत्यय मात्र भावाकडे पाहतो, म्हणून ‘सुनीताचा भाऊ’.

पुढच्या नामाला विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागले की तिन्ही लिंगांत आणि दोन्ही वचनांत विशेषणाचे एकच सामान्यरूप येते : ‘मोठ्या वाड्यात’, ‘मोठ्या खिडकीतून’, ‘मोठ्या घरांना’. म्हणून ‘माझी बहिणीला’ येथे लिंग बरोबर असूनही रूप चुकले आहे, आणि दुरुस्ती ‘माझ्या बहिणीला’ अशी आहे. षष्ठींची साखळी असेल तर शेवटून मागे यावे. ‘माझ्या मोठ्या भावाच्या घराची चावी’ यात ‘ची’ चावीमुळे आहे. ‘भावाच्या’ हे सामान्यरूपात आहे, कारण पुढच्या ‘घराची’ला प्रत्यय आहे. ‘माझ्या मोठ्या’ ही रूपेही त्याच कारणाने आली आहेत. जुन्या सरकारी आणि न्यायालयीन मराठीत ‘सरकारचे वतीने’ अशी रूपे सर्रास दिसतात. आजच्या लेखनात तेथे ‘सरकारच्या वतीने’ सुचवावे, पण जुना दस्तऐवज उद्धृत केला असेल तर त्याला हात लावू नये.

वचनाच्या चुका ओळखण्यात अडचण कोठे येते?

नामाच्या रूपावरून वचन नेहमी कळत नाही, ही मुख्य अडचण आहे. पुल्लिंगी नामांपैकी बहुतेक आकारान्त नामेच अनेकवचनात बदलतात. ‘आंबा’चे ‘आंबे’ होतात, पण ‘दगड’, ‘हत्ती’, ‘लाडू’ तसेच राहतात. स्त्रीलिंगी ‘भाषा’ आणि ‘वस्तू’ही दोन्ही वचनांत सारख्याच. त्यामुळे ‘तो मोठे दगड’ असे दिसले, तर लेखकाला ‘तो मोठा दगड’ म्हणायचे होते की ‘ते मोठे दगड’, हे त्या दोन शब्दांवरून सांगता येत नाही. उरलेल्या वाक्यातही खूण नसेल तर दोन्ही दुरुस्त्या द्याव्यात आणि निवड लेखकावर सोडावी.

दुसरी अडचण रूपांच्या सरमिसळीची. ‘चांगली’ हे स्त्रीलिंगी एकवचन आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही आहे. ‘चांगले’ हे नपुंसकलिंगी एकवचन आहे आणि पुल्लिंगी अनेकवचनही. ‘पुस्तके चांगली आहे’ यात ‘चांगली’ बरोबर आहे आणि चूक फक्त ‘आहे’ या शब्दात आहे. ‘आहेत’ एवढीच दुरुस्ती पुरते.

संख्येनंतर नाम अनेकवचनात येते. ‘दोन पुस्तक’ हे ‘दोन पुस्तके’ असावे. मापांच्या बाबतीत मात्र क्रियापद मापाकडे न पाहता मोजलेल्या वस्तूकडे पाहते. ‘पाच किलो साखर लागली’ यात पाच हा आकडा असूनही साखर एकवचनीच राहते. ‘पाच किलो बटाटे लागले’ यात बटाटे अनेकवचनी आहेत. ‘पाहिजे’ आणि ‘नये’ यांनाही वचन आहे, हे पुष्कळ जण विसरतात. औपचारिक लेखनात ‘ही पुस्तके वाचली पाहिजेत’ आणि ‘असे शब्द वापरू नयेत’ अशी अनेकवचनी रूपे सुचवावीत.

नामाचे लिंग कसे ठरवावे?

शेवटच्या अक्षरावरून अंदाज बांधू नये. ‘नदी’ स्त्रीलिंगी आहे, पण ‘हत्ती’, ‘मोती’ आणि ‘पक्षी’ पुल्लिंगी आहेत, तर ‘पाणी’, ‘दही’ आणि ‘लोणी’ नपुंसकलिंगी. म्हणून शब्दकोश जवळ हवाच. हिंदीच्या सवयीमुळे होणाऱ्या चुका ठरावीक शब्दांत येतात, आणि हे शब्द तपासताना वेगळे लक्षात ठेवावेत. ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत नपुंसकलिंगी. ‘आवाज’ आणि ‘आत्मा’ हिंदीत स्त्रीलिंगी आहेत आणि मराठीत पुल्लिंगी. ‘व्यक्ती’ हिंदीत पुल्लिंगी आहे आणि मराठीत स्त्रीलिंगी. म्हणून पुरुषाबद्दल लिहिताना देखील ‘ती व्यक्ती आली’ असेच लिहायला हवे.

काही नामे खरोखरच दोन लिंगांत चालतात. ‘बाग’ काहींचा ‘तो’ असतो आणि काहींची ‘ती’. ‘वेळ’ या शब्दात लिंगाबरोबर अर्थही बदलतो. ‘माझा वेळ गेला’ यात काळाचा अवधी आहे आणि ‘निघायची वेळ झाली’ यात ठरलेला क्षण आहे. अशा शब्दांत कोणतेही एक लिंग चूक ठरवू नये. मात्र एकाच लेखात ‘मोठा बाग’ आणि पुढे ‘ती बाग’ असे आले, तर ते एकसारखे करण्याची सूचना द्यावी. इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे लिंग वापराने ठरते. ‘बस’, ‘फाइल’, ‘लिंक’ स्त्रीलिंगी स्थिरावल्या आहेत, ‘फोन’ आणि ‘ट्रक’ पुल्लिंगी, तर ‘टेबल’ नपुंसकलिंगी. जेथे वापर अजून डळमळीत आहे, तेथे लेखकाने निवडलेले लिंग मान्य करून बाकीचे शब्द त्याच्याशी जुळतात का, एवढेच पाहावे.

दोन वेगळ्या लिंगांची नामे ‘आणि’ने जोडली असतील तर?

लिंग सारखे असेल तर प्रश्न उरत नाही. ‘सीमा आणि मीना आल्या’ हे शुद्ध आणि ‘आली’ हे अशुद्ध. भिन्न लिंगांच्या वस्तू असतील तर क्रियापद सामान्यतः शेवटच्या नामाप्रमाणे ठेवतात : ‘दप्तर, डबा आणि छत्री हरवली’. ‘किंवा’ने जोडलेल्या नामांतही शेवटचेच नाम पाहावे. माणसांच्या बाबतीत वापर एकसारखा नाही. ‘काका आणि काकू आले’ असे पुल्लिंगी अनेकवचन सहज रूढ आहे, तर ‘मुलगा आणि मुलगी’ यांच्यापुढे ‘आली’ असे नपुंसकलिंगी अनेकवचनही लिहिले जाते. येथे एकवचनी पुल्लिंगी ‘आला’ तेवढे निश्चित चूक धरावे, बाकीची रूपे चालू द्यावीत.

आदरार्थी अनेकवचनात काय सांभाळावे?

आदरार्थी अनेकवचनात लिंग कायम राहते. ‘बाबा आले’ आणि ‘बाई आल्या’. पद पुल्लिंगी वाटले तरी व्यक्ती स्त्री असेल तर क्रियापद स्त्रीलिंगी येते : ‘राष्ट्रपती म्हणाल्या’. ‘आई आली’ असे एकवचन घरोघरी रूढ आहे, ते चूक नाही. तपासायची गोष्ट म्हणजे सुसंगती. एका वाक्यात ‘सावित्रीबाई’ यांच्यासाठी ‘त्या’ आणि पुढच्या वाक्यात ‘तिने’ आले, तर ती चूक नोंदवावी. मात्र कर्त्याचा आदर कर्मणी क्रियापदापर्यंत पोहोचत नाही. १८४८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेबद्दल ‘सावित्रीबाईंनी शाळा चालवली’ असेच लिहायचे आहे. ‘चालवल्या’ असे अनेकवचन शाळा एकापेक्षा अधिक असतील तरच येईल.

बोलणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे वाक्यावरून नेहमी कळत नाही. ‘मी उद्या येतो’ आणि ‘मी उद्या येते’ ही दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. शिवाय कोल्हापूरकडच्या बोलीत स्त्रियाही ‘मी येतो’ म्हणतात. ‘आम्ही गेलो’ आणि ‘तुम्ही गेलात’ यांत तर लिंगभेद मुळातच नाही.

‘चांगलं’, ‘पुस्तकं’ अशा बोलीतल्या रूपांनी तपासणी बदलते का?

बदलते, आणि काही ठिकाणी सोपी होते. औपचारिक लेखनातील ‘चांगले’ हे रूप दोन अर्थांचे आहे, पण बोलीत ‘चांगलं घर’ आणि ‘चांगले वाडे’ असे दोन वेगळे उच्चार आहेत. लेखकाने अनुस्वाराची शैली घेतली असेल तर ‘ते घर चांगले होतं’ यात विसंगती आहे, पण ती शैलीची आहे, लिंगाची नाही. दोन्ही गोष्टी एकाच खान्यात नोंदवू नयेत.

एखादे वाक्य प्रत्यक्ष तपासून दाखवाल का?

हे वाक्य घेऊ : ‘काल माझे मोठ्या बहिणीने बाजारातून दोन किलो द्राक्ष, चार केळे आणि एक मोठा पपई आणला, पण ते सगळे पिशवीतच राहिला.’

पहिल्या उपवाक्यातील क्रियापद ‘आणला’ सकर्मक आणि भूतकाळी आहे. कर्ता ‘बहिणीने’ प्रत्ययासह आहे, म्हणून बहीण क्रियापदाचा आधार होऊ शकत नाही. आधार कर्मात शोधायचा, पण कर्मांचीच रूपे आधी तपासावी लागतात. ‘द्राक्ष’ येथे ‘द्राक्षे’ हवे, कारण दोन किलोंत एकच द्राक्ष नसते आणि ते मोजता येणारे फळ आहे. ‘केळे’ एकवचन आहे, चारांसाठी ‘केळी’ हवे. ‘पपई’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘मोठी पपई’. आता शेवटचे कर्म ‘पपई’ आहे, म्हणून क्रियापद ‘आणली’. योगायोगाने ‘आणली’ हेच नपुंसकलिंगी अनेकवचनाचेही रूप आहे, त्यामुळे सगळी फळे मिळून आधार मानली तरी उत्तर तेच राहते.

‘माझे’ हा शब्द ‘बहिणीने’ या सामान्यरूपाशी जोडलेला आहे, म्हणून ‘माझ्या’. शेजारचे ‘मोठ्या’ बरोबरच आहे.

दुसऱ्या उपवाक्यात ‘राहणे’ अकर्मक आहे, म्हणून आधार ‘ते सगळे’. त्याच्याशी ‘राहिला’ कोणत्याही अर्थाने जुळत नाही. ‘ते सगळे’ म्हणजे आणलेला सगळा ऐवज असे धरले तर ‘राहिले’ एवढा एकच शब्द बदलून वाक्य शुद्ध होते. फळे मनात धरली तर ‘ती सगळी पिशवीतच राहिली’ असे तीन शब्द बदलावे लागतात. कमीत कमी शब्द बदलणारी दुरुस्ती आधी द्यावी आणि दुसरी पर्याय म्हणून नोंदवावी.

चुकांची नोंद कोणत्या रूपात द्यावी?

प्रत्येक नोंदीत चुकलेला शब्द, त्याची जागा, सुचवलेले रूप, आधाराचे नाम आणि खात्री एवढे असावे. वरच्या वाक्याची नोंद अशी होईल :

```
शब्द २  : माझे → माझ्या | आधार: बहिणीने (सामान्यरूप) | निश्चित
शब्द ८  : द्राक्ष → द्राक्षे | आधार: मोजता येणारे फळ (अ.व.) | निश्चित
शब्द १० : केळे → केळी | आधार: चार (अ.व.) | निश्चित
शब्द १३ : मोठा → मोठी | आधार: पपई (स्त्री. ए.व.) | निश्चित
शब्द १५ : आणला → आणली | आधार: पपई (स्त्री. ए.व.) | निश्चित
शब्द २० : राहिला → राहिले | आधार: ते सगळे (नपुं. ए.व.) | पर्याय: ती सगळी … राहिली
```

जागा शब्दाच्या क्रमांकाने द्यावी. अक्षरांची मोजणी देवनागरीत घोटाळा करते. ‘केली’ हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण मात्रा आणि वेलांटी वेगळ्या साठवल्या जात असल्यामुळे संगणक तो चार चिन्हांचा मोजतो. अक्षर-क्रमांकावर विसंबलेली नोंद त्यामुळे भलत्याच ठिकाणी बोट ठेवते.

शब्द १३ आणि १५ यांच्या नोंदी दोन असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे : लेखकाने पपई पुल्लिंगी धरली. आधाराचा रकाना ठेवण्याचा उपयोग येथे दिसतो. ‘माझा नवा गाडी बिघडला’ अशा वाक्यात तीन शब्द चुकलेले दिसतात, पण लेखकाला सांगायची गोष्ट एकच असते, की ‘गाडी’ स्त्रीलिंगी आहे. त्याने ती एकदा लक्षात घेतली की पुढच्या तिन्ही जागा तो स्वतः सुधारतो.

आधाराचे नाम बदलण्याची सूचना द्यावी का?

सहसा देऊ नये. ‘मोठा खिडकी’ची दुरुस्ती ‘मोठा झरोका’ अशी करता येईल, पण मग वाक्यातील वस्तूच बदलते. बदलायचे ते अवलंबून असलेले शब्द. अपवाद फक्त नामाचे वचन चुकले असेल तेव्हाचा. ‘चार केळे’ यात आकडा लेखकाने जाणून लिहिला आहे असे धरावे आणि नाम बदलावे.

दुरुस्ती केल्यावर वाक्य पुन्हा तपासावे लागते का?

लागते, आणि विशेषतः नाम किंवा त्याचे वचन बदलले असेल तर. ‘एक पुस्तक आणले आणि ते कपाटात ठेवले’ यात संपादकाने ‘एक’च्या जागी ‘तीन’ केले, तर ‘पुस्तके’, ‘आणली’, ‘ती’ आणि ‘ठेवली’ असे आणखी चार शब्द बदलावे लागतात. त्यांपैकी ‘ते’ हे सर्वनाम हमखास निसटते, कारण ते नामापासून दूर, दुसऱ्या उपवाक्यात असते. पुढच्या वाक्यात त्याच पुस्तकांसाठी ‘त्याचे मुखपृष्ठ’ असे आलेले असेल, तर तेही ‘त्यांची मुखपृष्ठे’ करावे लागते. म्हणून नामाचे वचन बदलल्यावर तपासणी त्या वाक्याच्या पूर्णविरामापाशी थांबवू नये. त्या नामासाठी आलेले शेवटचे सर्वनाम सापडेपर्यंत परिच्छेद पुढे वाचत जावा.